छोट्या, खचलेल्या मंडळीपुढे उपदेश करायचाय. संख्येऐवजी प्रीती आणि टिकून राहणं यावर बोलायचंय, पण कसं?

दीपमाळ
आमच्या मंडळीला पूर्णवेळ पाळक नाहीत. पाळकसाहेबांकडे आणखी मंडळ्या आहेत, त्यामुळे मधल्या रविवारी आमच्यापैकीच कोणीतरी उपदेश करतं. पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे.

मंडळी आधीच लहान, त्यात काही कुटुंबं दुसरीकडे जायला लागली. आता उपासना चालू असताना दार वाजलं की सगळ्यांच्या माना मागे वळतात. शेवटी सूचनांमध्ये आजची उपस्थिती वाचली जाते, तेव्हा वाचणाऱ्याचाच आवाज खाली जातो. कोणी उघड बोलत नाही, पण 'आपलंच काहीतरी चुकलं असणार' हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर असतं.

मला त्यांना सांगायचंय की देव विश्वासूपणा डोकी मोजून ठरवत नाही. मत्तय १८ मधलं 'दोघे किंवा तिघे' आणि गिदोनाचे ३०० असे दोन उतारे काढून ठेवलेत. पण लिहायला बसले की सगळं कोल्ह्याला द्राक्षं आंबट असल्यासारखं वाटतं. लोक कमी आले म्हणून आम्ही म्हणतोय की लोकांना महत्त्व नाही. वीसेक मिनिटं बोलायचंय. मदत करा.

हळू_हालेलुया
ताई, सोपं आहे. तरुणांना संगीत द्या, उपासना तासाभरात आटपा, व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढा, आठवड्यातून एकदा घरोघरी प्रार्थनासभा ठेवा. वर्षभरात बाकं पुरणार नाहीत.

कोपऱ्यातला_बाक
ताईंनी उपदेश विचारलाय हो, भरती मोहीम नाही.

हळू_हालेलुया
बरं बाबा. पण बाकं भरली तर हा उपदेश करायची वेळच येणार नाही, एवढंच म्हणणं.

जुनी_शाई
दीपमाळ, तुम्हाला जे खटकतंय ते बरोबर खटकतंय. दोन्ही उतारे मीही वर्षानुवर्षं ऐकत आलोय, आणि या कामाला दोन्ही नकोत असं माझं मत.

मत्तय १८:२० च्या आधीच्या ओळी वाचा. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन बोल, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत ने, मग मंडळीला सांग. 'दोघे किंवा तिघे' त्या संदर्भात आलेत. विषय भांडण मिटवण्याचा आणि मंडळीच्या निर्णयाचा आहे, कमी उपस्थितीची समजूत काढण्याचा नाही. वचन खोटं ठरत नाही, पण ज्यांनी ते दर रिकाम्या रविवारी ऐकलंय त्यांना ते आता सांत्वनाच्या शिक्क्यासारखं वाटतं.

गिदोनाचं तर उलटंच होतं. ३२,००० मधून २२,००० घरी गेले, उरलेल्या १०,००० मधून ३०० राहिले, आणि ते ३०० जिंकले. खचलेला माणूस हे ऐकून काय म्हणेल? 'आम्हीही ३०० सारखेच थोडे, मग आमचा विजय कुठंय?' म्हणजे मोजपट्टी तीच राहिली, फक्त निकाल पुढे ढकलला.

मी प्रकटीकरण ३:७-१३ घेईन. फिलदेल्फियाच्या मंडळीला लिहिलेलं पत्र. तिथं ख्रिस्त स्वतः म्हणतो की तुझी शक्ती थोडी आहे. तो ती थोडी नाही असं म्हणत नाही, आणि ती वाढेल असंही म्हणत नाही. तुम्हाला नेमकी हीच जागा हवी आहे.

खिडकीपाशी
अगदी! आणि त्याच पत्रात 'तुझ्यापुढे दार उघडून ठेवलं आहे, ते कोणी बंद करू शकत नाही' असं आहे. उघडं दार म्हणजे सुवार्तेची संधी. पौलही १ करिंथ १६:९ मध्ये मोठं दार उघडलंय असं म्हणतो. तेव्हा शेवट जोरदार करा: विश्वासू राहा, लोक येणार म्हणजे येणार!

जुनी_शाई
पौलाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, आणि इथंही तो अर्थ घेणारे अभ्यासक आहेत. पण या पत्रात दाराच्या आधी किल्ली येते, 'दाविदाची किल्ली'. ती यशया २२:२२ मधून घेतलीय. तिथं राजवाड्याचा कारभार एल्याकीमकडे सोपवला जातो, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही हे त्याच्या हातात. आणि पत्रात पुढे लगेच सभास्थानातल्या विरोधकांचा उल्लेख येतो. या लोकांना कोणीतरी 'तुम्ही आमचे नाही' म्हणून बाहेर काढलं असावं असा तिथला सूर आहे. म्हणून मला दार आत येण्याचं वाटतं. ख्रिस्त सांगतोय, तुमच्यासाठी दार मी उघडलंय, ते दुसऱ्या कोणाला लावता येणार नाही.

आणि समजा तुमचाच अर्थ घेतला, तरी दार उघडं आहे म्हणजे लोक येतील असं वचन कुठंय? खचलेल्या लोकांना जे वचन दिलेलं नाही ते दिलं, तर सहा महिन्यांनी त्याची वसुली ताईंकडून नाही, देवाकडून होईल. त्या पत्रात मिळतं ते इतकं: विरोधकांना कळेल की 'मी तुझ्यावर प्रीती केली', आणि कसोटीच्या घटकेला मी तुला राखीन. संख्या कुठेच नाही.

खिडकीपाशी
मला अजूनही दार संधीचंच वाटतं. पण 'येणार म्हणजे येणार' मागे घेतो.

बेरीजवाला
मी एका मंडळीचा हिशेब बघतो, म्हणून जरा उलट बाजू. संख्येला इतकं हाणू नका. प्रेषितांच्या कृत्यांत २:४१ ला सुमारे ३,००० लोक मिळाले असं लिहिलंय, ४:४ ला पुरुषांची संख्या सुमारे ५,००० झाली. लूकने मोजलंय आणि आनंदाने मोजलंय. शंभर मेंढरांतलं एक हरवलं हे त्या मेंढपाळाला कळलं कसं? मोजलं म्हणून! जो उपदेशक 'आकडे महत्त्वाचे नाहीत' म्हणतो, त्याला गेलेल्या माणसांची आठवण तरी आहे का असं मला वाटतं.

दीपमाळ
हे मला लागलं. कारण गेलेल्या कुटुंबांबद्दल माझ्या मसुद्यात एक शब्द नाही.

जुनी_शाई
बेरीजवाला, तुम्ही उपदेशाचा मधला भाग दिलात. मेंढपाळ मोजतो, पण कोण नाही ते कळावं म्हणून. ९९ वर समाधान मानायला नाही आणि आपण किती मोठे मेंढपाळ हे सांगायलाही नाही. मोजणं तेच, मोजणाऱ्याला हवं ते वेगळं. हे सांगितलं की द्राक्षं आंबट राहत नाहीत. लोक महत्त्वाचे आहेत, इतके की त्यांना आकडा करून चालत नाही.

आता उपदेश कसा बांधायचा ते. प्रकटीकरण २ आणि ३ मध्ये सात मंडळ्यांना सात पत्रं आहेत. सातही पत्रांत ख्रिस्त म्हणतो, 'मला ठाऊक आहे.' काय ठाऊक आहे ते बघत जा. इफिसचे श्रम आणि धीर. स्मुर्णाचं संकट आणि दारिद्र्य. पर्गमची माणसं कुठल्या ठिकाणी राहतात ते. थुवतीराची प्रीती, सेवा, धीर, आणि हेसुद्धा की त्यांची आताची कामं पहिल्यापेक्षा जास्त आहेत. सार्दीस जिवंत म्हणवते पण मेलेली आहे. लावदिकीया कोमट आहे. सातांपैकी एकाही मंडळीला तो 'तुम्ही इतके जण आहात' असं सांगत नाही. आणि दोष न देता सोडलेल्या मंडळ्या दोनच: गरीब स्मुर्णा आणि थोड्या शक्तीची फिलदेल्फिया.

तुमच्याकडे उपस्थिती वाचली जाते ना? मग तिथूनच सुरुवात करा. 'आपण दर रविवारी एक आकडा ऐकतो. आज बघू या, प्रभू मंडळीबद्दल काय काय वाचून दाखवतो.' आणि हे सात 'ठाऊक आहे' सावकाश वाचा. त्याला पाच मिनिटं लागली तरी चालतील. स्पष्टीकरण देऊ नका, फक्त वाचा.

कोपऱ्यातला_बाक
सात मंडळ्या वीस मिनिटांत म्हणजे प्रत्येकी तीन मिनिटंसुद्धा नाहीत. आमच्याकडे एकदा असंच झालं होतं, पाचव्या मंडळीला अर्धी मंडळी झोपलेली.

जुनी_शाई
म्हणूनच सातही नाहीत. वाचून दाखवायला सात, बोलायला दोन: इफिस आणि फिलदेल्फिया.

इफिस का, तर नुसती चिकाटी पुरत नाही हे तिथं दिसतं. आणि खचलेल्या मंडळीत हा धोका खरा असतो. इफिसने श्रम केले, धीर धरला, खोट्या प्रेषितांना पारखलं, थकली नाही. पौल तिथं तीन वर्षं राहिलेला, तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं रोज बोललेला. एवढं असून तिला सांगितलं जातं की तू आपली पहिली प्रीती सोडलीस, पश्चात्ताप केला नाहीस तर तुझी समई जागेवरून काढीन. टिकून राहिलेल्या मंडळीचीच समई जाऊ शकते.

छोट्या मंडळीत हे कसं होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जे राहिले ते 'आम्ही नाही गेलो' याच्यावर जगायला लागतात. गेलेल्यांचं नाव निघालं की ओठ आवळले जातात. नवा माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी कामाला जुंपतात, कारण माणूस हवाय असं नाही, हात हवेत. उपासना वेळेवर सुरू होते, वेळेवर संपते, आणि कोणी कोणाकडे बघत नाही. ही चिकाटीच आहे, पण इफिसची.

निशिगंध
एक विनंती. जे आलेत त्यांना न आलेल्यांबद्दल रागावू नका. आमच्या मंडळीत इब्री १०:२५, 'एकत्र जमणं सोडू नका', यावर इतके उपदेश झाले की जे नियमित येतात त्यांनीच बोलणी खाल्ली. आणि त्याच्या आधीची ओळ कोणी वाचतच नव्हतं. २४ मध्ये प्रीती आणि सत्कर्मं यांसाठी एकमेकांना उत्तेजन द्या असं आहे. जमायचं ते त्यासाठी.

बेरीजवाला
शंभर टक्के. आमच्याकडे एक आजी म्हणाल्या होत्या, 'मी आले म्हणून मला ओरडतात, पुढच्या वेळी येऊच नये.'

उंबरठा
मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. आमची मंडळी दोन वर्षांपूर्वी बंद झाली. शेवटपर्यंत दर काही आठवड्यांनी कोणीतरी फिलदेल्फियावर बोलायचं: टिकून राहा, धीर धरा. छप्पर गळत होतं, दोन म्हाताऱ्या बहिणी सगळी कामं करायच्या आणि त्यांच्या मनात 'थांबलो तर विश्वासघात' असं बसलं होतं. त्यातल्या एकीची तब्येत त्यातच गेली. शेवटी आम्ही शेजारच्या मंडळीत सामील झालो. त्या रविवारी मला पहिल्यांदा हलकं वाटलं.

तेव्हा ताई, टिकून राहणं म्हणजे ही इमारत, ही वेळ, ही समिती तशीच ठेवणं असं कोणाला ऐकू आलं, तर तुमचा उपदेश एखाद्याला मोडेल.

हळू_हालेलुया
पण मग कधी थांबायचं हे कसं ठरवायचं? असं म्हटलं तर प्रत्येक जण सोयीप्रमाणे थांबेल.

जुनी_शाई
उंबरठा, तुमचं म्हणणं खरंच उपदेशात यायला हवं. पत्रात काय धरून ठेवायला सांगितलंय ते पाहा. तू माझं वचन पाळलंस, माझं नाव नाकारलं नाहीस, तुझ्याजवळ जे आहे ते घट्ट धरून ठेव. वचन, नाव, आणि जे आहे ते. इमारत त्यात नाही. जे नाही ते धरून ठेवायला तर कोणी सांगितलेलंच नाही. दोन थकलेल्या बहिणींवर पूर्ण मंडळीचा भार टाकणं हे इफिसमध्येही बसत नाही, फिलदेल्फियात तर नाहीच.

हळू_हालेलुया, कधी थांबायचं हे एका उपदेशात ठरत नाही आणि ठरवूही नये. मंडळीने एकत्र बसून, पाळकांना घेऊन बोलायचं ते. उपदेशाने फक्त एवढं करावं की हा प्रश्न विचारणं म्हणजे पाप नाही असं लोकांना वाटावं.

उंबरठा
'एकत्र बसून' हे म्हणायला सोपं. आमच्याकडे ते बोलणं जो काढेल तो गद्दार ठरायचा. पण ठीक.

खिडकीपाशी
एक जोडू का? फिलदेल्फिया शहर पुढे खूप काळ टिकलं. आजूबाजूचा प्रदेश तुर्कांच्या हाती गेल्यावरही ते १३९० पर्यंत तग धरून होतं. आजच्या तुर्कस्तानातलं अलाशेहिर ते हेच. हे सांगितलं तर 'बघा, विश्वासू मंडळी टिकते' असं दाखवता येईल.

जुनी_शाई
माहिती खरी आहे, पण वापरू नका. त्याने पुन्हा गुणपत्रिका तयार होते, फक्त डोक्यांऐवजी वर्षं मोजायची. आणि स्मुर्णाच्या विश्वासू लोकांना तर मरेपर्यंत विश्वासू राहा असं सांगितलंय, त्यांचा काय निकाल लावायचा?

त्यापेक्षा दुसरं सांगा. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला कैदी म्हणून रोमला नेला जात असताना त्याने याच फिलदेल्फियाच्या मंडळीला पत्र लिहिलं. त्यात तो त्यांना फुटीपासून दूर राहा, एक राहा असं पुन्हा पुन्हा बजावतो. दोष न दिलेल्या मंडळीतही काही वर्षांत एकमेकांशी न पटण्याची पाळी आली होती. प्रीती एकदा मिळाली की राहते असं नाही, ती दर आठवड्याला करावी लागते. खचलेल्या मंडळीला हे उलट सोपं वाटतं, कारण पुढच्या आठवड्यात करण्यासारखं काहीतरी हातात मिळतं.

आणि खांबाचं वचन, ३:१२. 'मी त्याला माझ्या देवाच्या मंदिरात खांब करीन, तो कधी बाहेर जाणार नाही.' इ.स. १७ मध्ये तिथं मोठा भूकंप झाला. त्या काळचा भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की भिंतींना सतत तडे जायचे आणि बरेच लोक शहराबाहेर शेतावरच राहायचे. बाहेर पळायची सवय असलेल्या लोकांना 'बाहेर जावं लागणार नाही' हे कसं ऐकू आलं असेल! हा संबंध पत्र लिहिणाऱ्याच्या मनात होता हे सिद्ध करता येत नाही, तेव्हा दोन वाक्यांत सांगा आणि पुढे जा.

दीपमाळ
प्रीती दिसते कशी, हे सांगायला मी मंडळीतलीच उदाहरणं घेणार आहे. पायऱ्यांवर एका आजोबांचा हात धरायला कोणीतरी दर रविवारी दहा मिनिटं आधी येतं. एक बाई दुसरीकडे गेलेल्या कुटुंबाच्या मुलीला परीक्षेच्या आधी अजून फोन करते. नावं घेऊ का?

निशिगंध
विचारल्याशिवाय नको. आणि छोट्या मंडळीत नाव नाही घेतलं तरी सगळ्यांना कळतं, म्हणून विचाराच. ज्यांचं उदाहरण येणार नाही त्यांचंही बघा. एखादी व्यक्ती नुसती येऊन बसते, तिच्यात तेवढीच ताकद असते.

कोपऱ्यातला_बाक
ती व्यक्ती मी. धन्यवाद.

दीपमाळ
मग आता असं ठरवलंय. आधी सात 'ठाऊक आहे' वाचायचे. मग इफिस: टिकली, पण प्रीती सुटली, आणि आपल्याला गेलेल्यांबद्दल काय वाटतं हा प्रश्न तिथंच. मग मेंढपाळाचं मोजणं, थोडक्यात. मग फिलदेल्फिया: थोडी शक्ती ती थोडीच म्हणायची, आणि जे आहे ते धरायचं, जे नाही ते नाही. इमारतीबद्दल उंबरठा म्हणाले ते एका वाक्यात. उपदेश संपल्यावर लगेच मध्यस्थीची प्रार्थना, त्यात गेलेल्या कुटुंबांची नावं, तक्रारीशिवाय.

बेरीजवाला
नावं प्रार्थनेत घेणं मला आवडलं. पण 'परत आण' असं मागू नका. नुसतं आशीर्वाद मागा. ती माणसं दुसऱ्या मंडळीत खूश असतील तर आपली प्रार्थना म्हणजे त्या मंडळीविरुद्ध अर्ज होईल.

खिडकीपाशी
हाहा. पण परत यावंसं वाटणं चुकीचं आहे का?

बेरीजवाला
वाटू द्या. मलाही वाटतं.

दीपमाळ
आणि सूचनांमध्ये उपस्थिती वाचणं बंद करायचं का? उपदेशात ते सुचवू?

बेरीजवाला
उपदेशात नको, व्यासपीठावरून समितीला आदेश दिल्यासारखं होईल. नोंद ठेवायलाच हवी, पण ती मोठ्याने वाचलीच पाहिजे असा नियम मी तरी कुठे वाचलेला नाही. पाळकसाहेबांशी आधी बोला. वाचायचंच असेल तर त्या आठवड्यात कोण आजारी आहे आणि कोणाला भेटायला हवं ते वाचा. रजिस्टर त्यासाठी फार चांगलं असतं.

हळू_हालेलुया
ताई, एक अगदी व्यावहारिक. त्या दिवशी चारच जण आले तर? तरी वीस मिनिटं?

जुनी_शाई
चारच आले तर व्यासपीठ सोडा, माईक बंद करा, त्यांच्या समोरच्या बाकाशी उभ्या राहा आणि बारा मिनिटांत आटपा. सात वाचनं मात्र कमी करू नका. ती त्यांनाच आळीपाळीने वाचू द्या.

कोपऱ्यातला_बाक
पर्गम मला द्या. छोटं आहे.

जुनी_शाई
छोटं स्मुर्णाचं आहे.

कोपऱ्यातला_बाक
मग स्मुर्णा.